धोनीचा तो षटकार आणि फलकावरचे ९७

मोठे काका: रविवारच्या कौटुंबिक प्रश्नमंजूषेच्या पहिल्या पानासाठी हे छायाचित्र पाठवत आहे. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना आणि धोनीचा तो विजयी षटकार. कोणाला काही सुचवायचे असल्यास आजच सांगावे, कारण उद्या सकाळी ते छपाईला द्यायचे आहे.

मी: काका, छायाचित्र सुरेख आहे, पण मला एक शंका आहे. तो सामना रात्री संपला होता, आणि येथे धोनीची सावली खेळपट्टीवर स्पष्ट पडलेली दिसते.

मोठे काका: प्रकाशझोतातही सावल्या पडतात. सामना दुपारी अडीचला सुरू झाला होता, त्यामुळे एखादी सावली दिसली तर त्यात नवल नाही.

आत्या: प्रकाशझोतातही सावली पडते हे तुझे म्हणणे बरोबर आहे, परंतु ती सहसा अशी पडत नाही. मैदानाच्या चहूबाजूंना दिव्यांचे मनोरे असतात, त्यामुळे रात्री एका खेळाडूच्या पायापासून तीन-चार फिकट सावल्या वेगवेगळ्या दिशांना निघतात. या चित्रात एकच सावली आहे, ती गडद आहे, आणि पंच, गोलंदाज व फलंदाज या तिघांच्याही सावल्या एकाच बाजूला पडलेल्या आहेत. म्हणजे हे ऊन आहे. अडीचला सुरू झालेल्या त्या सामन्यात भारताची फलंदाजी दुसरी होती आणि ४९ वे षटक रात्रीच टाकले गेले, त्यामुळे वेळापत्रकाशी हे चित्र मुळातच जुळत नाही. मी वृत्तपत्राच्या क्रीडा पानासाठी बरीच वर्षे छायाचित्रे निवडली आहेत. मथळ्यातील वेळ आणि चित्रातील उजेड यांचा मेळ बसतो का, एवढे पाहिले तरी निम्मी चुकीची चित्रे तिथेच बाजूला पडत असत.

मोठे काका: मग मागच्या फलकाचे काय? मी चित्र मोठे करून पाहिले आहे. क्षेत्ररक्षकाच्या डोक्याआडून ९७ हा आकडा स्वच्छ वाचता येतो. त्या सामन्यात गौतम गंभीरच्या ९७ धावा होत्या, हे या समूहातील लहान मुलेही सांगतील. शेजारी ९ हा आकडा आहे, तो धोनीच्या ९१ मधला असणार आणि पुढचा १ चित्राबाहेर गेला असणार. याहून मोठा पुरावा कोणता हवा?

दादा: हे मात्र पटण्यासारखे आहे. ९७ आणि ९१ हे दोन्ही आकडे एकाच सामन्यातले आहेत.

आत्या: अर्धवट दिसणाऱ्या आकड्यांची हीच गंमत आहे. आपल्याला उत्तर आधीच माहीत असते, आणि मग आकडे त्या उत्तराकडे आपोआप वळतात. आपण मथळा बाजूला ठेवून फलकावर त्या क्षणी काय असायला हवे होते ते आधी काढू, आणि मग चित्राकडे पाहू.

श्रीलंकेने ६ बाद २७४ धावा केल्या होत्या, म्हणजे भारतापुढे २७५ धावांचे लक्ष्य होते. सामना ४८.२ षटकांत ४ बाद २७७ वर संपला. शेवटचा फटका सहा धावांचा होता, म्हणून तो चेंडू टाकला जात असताना फलकावर २७१ धावा, ४ बळी आणि ४८.१ षटके असणार. त्याच हिशेबाने धोनीच्या नावापुढे ८५ असणार. त्याच्या ९१ धावा त्या षटकारानंतर झाल्या. चेंडू बॅटवर असतानाच्या छायाचित्रात ९१ हा आकडा दिसलाच, तर तो दाव्याच्या बाजूने नव्हे, विरुद्ध जातो. चेंडू सीमेपार जातो, पंच दोन्ही हात वर करतात, गुणलेखक त्यांना प्रतिसाद देतात आणि त्यानंतरच आकडा बदलतो. फलक नेहमी नुकतेच घडून गेलेले सांगतो, चालू क्षणाचे सांगत नाही.

राहिला गंभीर. तो बाद झाला तेव्हा भारताच्या २२३ धावा होत्या. विजयी फटक्याच्या वेळी खेळपट्टीवर धोनी आणि युवराज होते, त्यामुळे ठळक जागी या दोघांच्या धावा असायला हव्यात.

मोठे काका: संपूर्ण धावफलक दाखवत असतील तर बाद झालेल्या फलंदाजाच्या धावाही दिसतातच की.

आत्या: दिसू शकतात, आणि म्हणूनच केवळ या मुद्द्यावर मी तुझे छायाचित्र नाकारणार नाही. पण गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या फलंदाजाकडे पाहा. डाव्या काठावर तो धावण्याच्या तयारीत उभा आहे. युवराज डावखुरा आहे. त्या टोकाला उभ्या असलेल्या फलंदाजाने बॅट कोणत्या हातात धरली आहे, यावरून डावे-उजवे ठरवणे धोक्याचे असते, त्यामुळे ते सोडून देऊ. पॅड, हातमोजे आणि अंगकाठी पाहा. खूप उंच, सडपातळ आणि हेल्मेटच्या खाली मानेवर रुळणारे केस. हा इशांत शर्मा आहे.

दादा: इशांत? त्या अंतिम सामन्यात तो खेळलाच नव्हता!

आत्या: नव्हता. आता धोनीच्या छातीकडे पाहा. तेथे प्रायोजकाचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. आयसीसीच्या स्पर्धांत शर्टाच्या पुढच्या भागावर देशाचे नाव ठळक असते आणि संघाच्या प्रायोजकाला बाहीवरची जागा मिळते, तर इतर मालिकांत प्रायोजक छातीवर येतो. विश्वचषकातील चित्रात छातीवर ‘इंडिया’ असायला हवे होते. येथे रंग निळा आहे, पाठीवर ७ आकडा आहे, समोर श्रीलंका आहे, आणि म्हणूनच आपण सगळे फसतो. रंग आणि क्रमांक वर्षानुवर्षे तेच राहतात. बदलतात ती छातीवरची अक्षरे, बाहीवरची चिन्हे आणि कडेचे पट्टे, आणि नेमके तेच आपण पाहत नाही.

मी: आत्या, चित्र उलटे फिरवलेले असेल अशीही शक्यता असते ना? परवा एका सामन्याच्या चित्रात उजखुरा फलंदाज डावखुरा दिसत होता.

आत्या: असते, पण त्या वेळी अक्षरे आरशातल्यासारखी उलटी होतात. येथे छातीवरचे नाव आणि फलकावरचे ९७ हे दोन्ही सरळ वाचता येते, त्यामुळे तो प्रश्न येथेच संपतो.

दादा: मग हा कोणता सामना आहे? धोनी, श्रीलंका, ऊन आणि सोबत इशांत.

आत्या: ११ जुलै २०१३, पोर्ट ऑफ स्पेन, तिरंगी मालिकेचा अंतिम सामना. दिवसाचा सामना होता. श्रीलंका २०१ धावांत सर्वबाद झाली होती, शेवटच्या षटकात भारताला १५ धावा हव्या होत्या आणि ९ गडी बाद झालेले होते. गोलंदाज शमिंदा एरंगा. पहिला चेंडू निर्धाव गेला, दुसऱ्यावर षटकार, तिसऱ्यावर चौकार आणि चौथ्यावर पुन्हा षटकार. आता याचा फलक मांडून पाहा. षटक सुरू होताना १८७, षटकारानंतर १९३, चौकारानंतर १९७ आणि शेवटी २०३.

मोठे काका: १९७.

आत्या: होय. ९७ च्या आधीचा १ क्षेत्ररक्षकाच्या डोक्याआड गेला आहे, आणि शेजारचा ९ म्हणजे पडलेले बळी आहेत. ऑस्ट्रेलियात बळी आधी आणि धावा नंतर लिहितात, इतरत्र सहसा धावा आधी येतात. येथे ९७ च्या उजवीकडे ९ आहे, त्यामुळे तो क्रमही जुळतो.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. त्या षटकात धोनीने दोन षटकार मारले होते, तेव्हा हे चित्र त्यांपैकी कोणत्या षटकाराचे, असा प्रश्न राहतो. पहिल्या षटकाराच्या वेळी फलक १८७ दाखवत असणार आणि चौकाराच्या वेळी १९३. फलकावर १९७ असताना धोनीने मारलेला फटका एकच, तो शेवटचा. एक्स्ट्रा कव्हरच्या डोक्यावरून गेलेल्या त्या फटक्याला साजेशीच त्याची बॅट चित्रात ऑफच्या दिशेला गेलेली दिसते. वानखेडेवर तो चेंडू लाँग ऑनच्या वरून गेला होता.

मी: म्हणजे काकांचे ‘विजयी षटकार’ हे शब्द बरोबर आहेत, फक्त सामना आणि वर्ष चुकले.

आत्या: अगदी तसेच आहे. अशा चित्रांत सगळेच खोटे नसते, आणि जे खरे असते त्याच्या आधाराने बाकीचे खपून जाते. तरीही मी अजून एक तपासणी करेन. त्या चेंडूची चित्रफीत थांबवून गोलंदाज, पंच आणि मागचा क्षेत्ररक्षक यांच्या परस्परांतील जागा चित्राशी ताडून पाहाव्यात. कॅमेऱ्याची बाजू वेगळी असेल तर माणसे जवळ-दूर सरकलेली दिसतील, पण कोणाचा पाय पुढे आहे आणि पंचाचा हात कुठे आहे, हे बदलत नाही.

दादा: मी आत्ताच चित्रफीत पाहिली. पंच, इशांत आणि मागचा क्षेत्ररक्षक तिघेही जुळतात. मात्र एका ठिकाणी या सामन्याच्या चित्राखाली १२ जुलै अशी तारीख आहे. ती चूक समजायची का?

आत्या: लगेच चूक म्हणू नये. पोर्ट ऑफ स्पेनचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते. तिथे ११ तारखेची दुपार कलत असताना भारतात मध्यरात्र उलटून १२ तारीख लागलेली होती. एक दिवसाचा फरक दिसला की आधी दोन्ही ठिकाणची वेळ पाहावी. काही छायाचित्रकार परदेशी गेल्यावरही कॅमेऱ्याचे घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे मूळ फाइलमधली वेळसुद्धा जशीच्या तशी घेता येत नाही. समूहावर सर्वसाधारण पद्धतीने पाठवलेल्या चित्रातून तर ती माहिती निघूनच गेलेली असते.

मोठे काका: मान्य. हे चित्र मी मागे घेतो. आता हे दुसरे पाहा. रात्र आहे, छातीवर ‘इंडिया’ आहे, समोरून युवराज येतो आहे आणि फलकावर २७७ आहे. फक्त त्या आकड्यांवर एक काळा आडवा पट्टा दिसतो. कोणी खाडाखोड केली असेल का?

आत्या: पट्ट्याची काळजी नको. विजेच्या फलकावरचे दिवे सेकंदात अनेकदा उजळतात आणि विझतात. डोळ्याला ते सलग वाटतात, पण सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेल्या चित्रात काही ओळी विझलेल्या सापडतात. खाडाखोड असती तर पट्टा नेमका एखाद्या आकड्यापुरता असता. येथे तो फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेला आहे.

हे चित्र वानखेडेचे आहे, याबद्दल मला शंका नाही. तुझ्या मथळ्याबद्दल मात्र आहे. तू ‘विजयी षटकार मारताना धोनी’ असे लिहिले आहेस, आणि फलक २७७ दाखवतो.

मोठे काका: म्हणजे २७१ हवे होते.

आत्या: मारतानाचे असते तर. त्याच्या हातातील बॅट उंच दिसते म्हणून तो फटका वाटतो, पण फटका मारून झाल्यावर त्याने बॅट हातात फिरवली होती. युवराजही खेळपट्टीचा निम्मा भाग ओलांडून त्याच्याजवळ पोहोचला आहे.

मोठे काका: ‘विजयी षटकारानंतर धोनी आणि युवराज, वानखेडे, २ एप्रिल २०११’ असा मथळा केला आहे. पोर्ट ऑफ स्पेनचे चित्र पाचव्या प्रश्नासाठी ठेवतो. फलकाचा कोपरा दाखवायचा आणि सामना ओळखायला सांगायचा. दादा आणि आत्या यांनी त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही.