मदत हवी आहे: ज्येष्ठ सहकाऱ्याची चूक कशी सांगू?

पणजीत ट्रॅव्हल ऑफिसात आहे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सकाळी क्लायंटला कोटेशन मेल केलं, मी सीसीत होते. 12 खोल्या, 3 रात्री, दर 4,500, म्हणजे 1,62,000. एकूण रकमेत मात्र 1,26,000 पडलंय. आकडे उलटले, बाकी सगळं बरोबर. क्लायंटने ‘कन्फर्म’ लिहिलं की 36,000 चा घोळ.

‘रिप्लाय ऑल’ नको, त्यात साहेबही आहेत. जीमेलचं ‘अनडू’ फार तर 30 सेकंद, ती वेळ गेली. त्यांनीच त्याच थ्रेडवर सुधारित कोटेशन पाठवलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर एवढंच लिहू? “सर, सकाळच्या कोटेशनमधली एकूण रक्कम एकदा बघाल? माझ्या हिशोबाने 1,62,000 येते.” की सरळ फोन करू? जेवून दुपारी ते फोन उचलत नाहीत, गोंयच ना हे!