पूर आला की जीडीपी वाढतो म्हणे, खरं का?

गावभागकर: 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आमचा तळमजला अख्खा पाण्यात. परवा कट्ट्यावर एक जण म्हणाला, पुरानंतर खरेदी वाढते म्हणून जीडीपीही वाढतो. असं असेल तर ‘जीडीपी वाढला, लोकांचं बरं चाललंय’ असं कशाच्या जोरावर म्हणतात?

रोखठोक: खरंय की. फ्रिज गेला, नवा घेतला, जीडीपी वाढला. घर पडलं, बांधलं, पुन्हा वाढला. दर वर्षी पूर आणा, सांगली श्रीमंत!

कृष्णाकाठ: मूळ प्रश्न अलमट्टीच्या पाणीपातळीचा आहे. त्यावर कुणी बोलत नाही.

गावभागकर: दादा, त्याचा धागा वेगळा आहे. इथं नको.

निवृत्त आकडेवाला: सांख्यिकी खात्यात नोकरी झाली माझी, म्हणून थोडं लांबवतो. रोखठोक, तुमचं अर्धंच बरोबर आहे. बाजारपेठ पंधरा दिवस बंद राहिली, ऊस कुजला, तेवढं त्या वर्षीचं उत्पन्न बुडालं आणि ते जीडीपीत कमी दिसतं. शिवाय फ्रिजचे 25 हजार तुम्ही दिवाळीच्या खरेदीतून वळवले असतील, तर एकीकडे वाढलं ते दुसरीकडे घटलं. त्यामुळे ‘पुरानं जीडीपी वाढतोच’ असं नाही.

खरी गोम पुढं आहे. जीडीपी म्हणजे वर्षभरात नव्यानं काय तयार झालं त्याची बेरीज. आधीपासून होतं ते गेलं, याची वजाबाकी त्यात नाहीच. हरिपूरच्या पेवातली हळद घ्या. ती पिकली त्या वर्षीच हिशोबात जमा झाली. पुढच्या वर्षी पेवात पाणी शिरून ती सडली, तरी तेवढा आकडा पुराच्या वर्षातून वजा होत नाही. पडलेल्या भिंतीचंही तेच. काही जण सुचवतात की झीज वजा करून निव्वळ उत्पादन बघा. पण झीज म्हणजे नेहमीच्या वापरानं होणारी. महापुरासारख्या आपत्तीत बुडालेलं त्या झिजेत धरत नाहीत, ते मालमत्तेच्या वेगळ्या खात्यात लिहायचं असतं. फ्रिजची तर आणखी गंमत. घरगुती फ्रिज विकत घेतला त्याच वर्षी खर्चात पडला. मालमत्ता म्हणून तो कुठंच नाही, मग बुडाला तरी नोंद कुठून होणार?

हळदबाजार: काका, हिशोब पटला, तक्रार नाही पटली. तराजूनं ताप मोजायचाच कशाला? कर किती येईल, कर्ज किती झेपेल, कारखान्यांना मागणी आहे का, यासाठी हा आकडा लागतो आणि तिथं तो चालतो. ज्या देशांत माणशी उत्पन्न जास्त, तिथं बहुतेक ठिकाणी माणसं जास्त जगतात, बाळं कमी दगावतात. हे उगाच का?

निवृत्त आकडेवाला: उगाच नाही. गरीब देशात उत्पन्न वाढलं की दवाखाना, पाणी, औषधं येतात. पण हा मेळ देशादेशांची तुलना करताना दिसतो. एका पूरग्रस्त घराचं वर्ष त्यातून कळत नाही. अन् तराजूनं ताप मोजू नये हे 1934 मध्येच सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकी संसदेला दिलेल्या अहवालात बजावलं होतं, ज्यांनी तिथलं राष्ट्रीय उत्पन्न मोजलं त्यांनीच. तरी भाषणांत तोच आकडा ‘प्रगती’ म्हणून येतो, त्याला काय करणार?

माहेर मिरज: माझं सांगते. पाणी ओसरल्यावर सासूबाई, मी आणि जाऊबाई, तिघींनी नऊ दिवस चिखल उपसला. शेजारच्यांनी चार मजूर लावले, दोन दिवसांत मोकळे. म्हणजे त्यांची सफाई जीडीपीत आणि आमची नाही?

निवृत्त आकडेवाला: नाही, ताई. घरच्या म्हशीचं दूध घरीच प्यायलात तरी ते अंदाजानं धरतात, कारण ती वस्तू. स्वतःच्या घरात राहता त्याचं मानीव भाडंसुद्धा धरतात. पण घरच्यांनी घरासाठी केलेली सफाई, स्वयंपाक, आजारपण काढणं बाहेर. 2019 च्याच देशव्यापी वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 299 मिनिटं निघाली, पुरुषांची 97.

रोखठोक: मग धरा की! मजुरी गुणिले नऊ दिवस गुणिले तिघी.

हळदबाजार: कुठली मजुरी? पुरानंतर दुप्पट झालेली, की नेहमीची? की जाऊबाई शिक्षिका असतील तर त्यांच्या पगारानं? प्रत्येक वेळी वेगळं उत्तर येईल. असं अंदाजपंचे घुसवलं, तर कारखाने चाललेत की बंद पडलेत हेच त्या आकड्यातून कळायचं नाही.

निवृत्त आकडेवाला: हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बरेच जण त्याचं जोडखातं वेगळं ठेवा म्हणतात, मूळ आकड्यात मिसळू नका. मी मात्र त्यावर समाधानी नाही. जोडखातं कोण उघडून बघतो?

माहेर मिरज: दराचं तुम्ही ठरवा. जाऊबाई शिक्षिका नाहीत, शिवणकाम करतात, आणि त्या नऊ दिवसांत त्यांचं मशीन पाण्यातच होतं.