मदत हवी आहे: लग्नात फक्त देखरेखीचं काम घेऊन व्यवसाय होईल का? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर: नमस्कार. घरातलं कुठलंही कार्य असलं की धावपळ माझ्याकडेच येते. गेल्या वर्षी दिरांच्या लग्नात मंगलाष्टकांच्या तोंडावर अंतरपाट सापडेना. तो आहेराच्या पिशवीत गेला होता. मी दिरांच्या मामांचं उपरणं धरायला लावलं आणि मुहूर्त साधला. तेव्हापासून चार जणांनी विचारलंय, "आमच्याकडचंही बघाल का?" पुढच्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या मुलीचं लग्न आहे, साडेतीनशे-चारशे पानं. मला मंडप किंवा स्वयंपाकाचं काम घ्यायचं नाही. हाताशी चाळीस हजार आहेत. नुसत्या देखरेखीचे पैसे लोक देतात का? आणि मागायचे कशाचे?

सजावटप्रेमी: ताई, देखरेखीला कोण पैसे देतंय? त्या चाळीस हजारांत फुग्यांचे स्टँड, पडदे, दिव्यांच्या माळा घ्या आणि वाढदिवसांना भाड्याने द्या. आधी गुमास्ता आणि जीएसटी मात्र काढा, त्याशिवाय काम सुरूच करता येत नाही.

कार्यालयवाला: मी चौदा वर्षं एका मंगल कार्यालयाचं व्यवस्थापन बघतोय. सामानाला ठेवायची जागा लागते, टेम्पो लागतो, आणि धनुर्मासात ते पडून राहतं. जीएसटीचं म्हणाल तर सेवेच्या कामात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना नोंदणी लागत नाही. गुमास्त्याचं म्हणाल तर दुकान कायद्याखाली मोजकीच माणसं असली तर ऑनलाइन सूचना दिली की झालं. केटररचे आणि मंडपवाल्याचे पैसे मात्र स्वतःच्या खात्यातून फिरवू नका. उलाढाल उगाच फुगते आणि भांडण झालं तर तुम्ही मध्ये सापडता. यजमानांनी त्यांना परस्पर द्यावेत.

आता मागायचं कशाचं, ते सांगतो. माझ्यासमोर घडलेलं एक लग्न घ्या. चारशे ताटं ठरली होती, दर २४०. देखरेखीला असलेल्या बाईंनी जेवण सुरू व्हायच्या आधी केटररच्या माणसासमोर ताटं मोजली, ४८० भरली, आणि कागदावर त्याची सही घेतली. धुतलेलं ताट पुन्हा चळतीत यायचं नाही, हे आदल्या दिवशीच ठरवलं होतं. मोजणी फसते ती तिथेच. शेवटी ६२ कोरी उरली, म्हणजे ४१८ वापरली. केटररने बिलात ४७० लिहिली होती. ५२ ताटांचे १२,४८० रुपये वाचले. बाईंची फी आठ हजार होती. यजमानांनी ती तिथेच हातावर ठेवली.

दोन गोष्टी मात्र आधीच बोलून घ्या. चारशेपेक्षा कमी लोक जेवले तरी चारशेचेच पैसे द्यावे लागतात. आणि वाजंत्री, फोटोवाले, ड्रायव्हर यांची ताटं हिशेबात धरायची की नाही, हेही आधी ठरायला हवं.

वैभव_मोहोळ: माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस आहे, हॉल साठ माणसांचा. फुग्यांची कमान कितीला पडेल? ताई, तुम्ही मोहोळला येता का?

जुळेसोलापूरकर: भाऊ, मी अजून सुरुवातच केलेली नाही. पण हॉलवाल्याला एक विचारून ठेवा, सजावट करायला आत किती वाजता सोडणार. तासभरच मिळाला तर कमान बाहेरून फुगवून आणावी लागते.

कार्यालयवाले दादा, ताटांचं लक्षात आलं. पण मुहूर्ताच्या वेळेचं कसं सांभाळायचं?

कार्यालयवाला: मुहूर्तापासून उलटं मोजत या. अक्षता १२:३५ ला असतील तर नवरी पावणेबाराला तयार हवी. मेकअप, केस, साडी मिळून तीन तास धरा, म्हणजे पार्लरवाल्या बाई पावणेनऊला खोलीत आल्या पाहिजेत. त्यांना "नऊपर्यंत या" म्हणाल तर त्या साडेनऊला येतात. भटजींच्या सामानाला वेगळी पिशवी करा. ती आदल्या रात्री सीमांतपूजन आटोपल्यावर यादी हातात घेऊन तपासा आणि रात्रभर स्वतःजवळ ठेवा. तुमचा अंतरपाटही त्यातच राहील.

पूर्वभाग: आमच्याकडे तेलुगू लग्नात मुहूर्त म्हणजे डोक्यावर जिरे-गूळ ठेवण्याचा क्षण. अक्षतांवर वेळ लावून बसाल तर चुकाल. पूर्व भागात काम करायचं तर तेलुगू बोलणारी एक बाई सोबत घ्या, आमच्या आज्या मराठीत ऐकत नाहीत.

जुळेसोलापूरकर: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकूंच्या लग्नाला मी आणि दोन मुली, प्रत्येकीला दिवसाला सातशे. दोन दिवसांचे २,८०० तर त्यांचेच होतात. मी आठ हजार मागावेत म्हणते. पण काकू कालच म्हणाल्या, "तू तर घरचीच आहेस." आता कसं बोलू?

सजावटप्रेमी: पहिलं काम फुकट करा, नाव होईल.

कार्यालयवाला: फुकट करू नका. काकूंना म्हणा, "या मुलींचे पैसे तुम्ही द्या, माझं तुम्हाला वाटेल ते द्या." मुलींचे २,८०० मात्र आधी हातात घ्या.

जुळेसोलापूरकर: उद्या संध्याकाळी केटरर काकूंकडे येणार आहे. ताटं धुऊन परत आणणार नाही असं तो कबूल करतो का, ते आधी बघते. पैशांचं त्यानंतर काढते. कोणी असं ओळखीतलं काम पैसे घेऊन केलं असेल तर कसं बोललात, ते सांगा.