मदत हवी: नवी बॅटरी ड्रोनमध्ये नीट बसते, पण लाल-काळी वायर उलटी दिसते

वरूडचा_पोरगा: छोट्या ड्रोनची बॅटरी फुगली म्हणून तशीच नवी मागवली, ३.७ व्होल्ट, दोन पिनचा पांढरा प्लग. दोन्ही प्लग खाच वर करून शेजारी धरले, तर जुन्याची लाल वायर डावीकडे अन् नवीची उजवीकडे. अजून लावली नाही. लावू का?

आर्वीभाऊ: लाल वायरीसमोर लाल आली पाहिजे, बस. भीती वाटत असेल तर मधात एक डायोड टाका.

मीटरवाला: लावू नका. प्लगचा आकार अन् पिनांमधलं अंतर प्लग बनवणारा ठरवतो. कोणत्या पिनेत प्लस, हे बॅटरीला वायर जोडणारा ठरवतो. खाचेमुळे प्लग उलटा बसत नाही एवढंच. उलटी बॅटरी लागली की मोटरच्या मॉस्फेटमधून आणि मोटरवरच्या डायोडमधून सरळ शॉर्ट होतो, क्षणात धूर.

आर्वीभाऊ, रंगावर भागत नाही, काही पॅकमध्ये रंगच उलटे असतात. डायोडही नको: साधा डायोड ०.७ व्होल्ट खातो. ३.७ मधले तेवढे गेले तर ड्रोन उचलतच नाही.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. खाच वर, प्लगचं तोंड तुमच्याकडे, लाल प्रोब डाव्या भोकात, काळा उजव्या. प्रोब जात नसेल तर टाचण्या वापरा, पण त्या एकमेकींना लागू देऊ नका. जुन्या अन् नव्या बॅटरीचं चिन्ह वेगळं आलं तर पिना बदलायच्या, त्या बॅटरीच्याच. ड्रोनकडच्या बदलल्या तर यूएसबी चार्जर उलटा पडेल.

यवतमाळ_कार: माझ्या गाडीची ७.४ व्होल्टची बॅटरी चार्जच होत नाही, तीन पिनचा प्लग आहे. हेच कारण का?

मीटरवाला: तुमचं वेगळं आहे. तीन पिना म्हणजे दोन सेलचा बॅलन्स प्लग. कडेच्या दोन पिनांवर ७.४ च्या आसपास अन् मधल्या पिनेपासून दोन्हीकडे जवळपास सारखा व्होल्टेज येतो का, ते पाहून नवा धागा काढा.

वरूडचा_पोरगा: जुनी +३.६१, नवी -३.८४. पिन कशी काढू?

मीटरवाला: प्लगच्या खिडकीतून धातूचा छोटा काटा दिसतो. सुईने तो हलकेच दाबा अन् वायर मागे ओढा. एक पिन निघाली की लगेच चिकटपट्टी गुंडाळा, मगच दुसरी काढा. दोन्ही उघड्या राहून भिडल्या तर बॅटरी तापते. परत घालण्याआधी काटा सुईने थोडा बाहेर उचला, म्हणजे टक् आवाज येऊन अडकेल.

वरूडचा_पोरगा: झालं, आता +३.८४. पण एक काटा तुटला, ती पिन ओढली की मागे सरकते.

मीटरवाला: मग उडवू नका. हवेत पिन निसटली की मोटर बंद. जुन्या बॅटरीचा प्लग वायरीसकट वापरा, पण त्या वायरी एकेक करून कापा, दोन्ही एकदम कात्रीत धरू नका.

आर्वीभाऊ: पिनेवर गरम गोंदाचा थेंब चालणार नाही का? पिन नवी शोधायला नागपूरच गाठावं लागते.

मीटरवाला: चाचणीपुरता चालेल. पण मे महिन्यातल्या उन्हात तो किती टिकतो, ते मी खात्रीने नाही सांगणार.