केसपेपरवर ‘नो रेडनेस’: रकाना ठेवायचा की काढायचा?

खिडकीपाशी: तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. दोन सिस्टर, एक कंपाउंडर. गोऱ्यापासून काळ्याकुट्ट वर्णापर्यंत सगळे रुग्ण येतात. त्वचेवर जे दिसलं ते नीट कसं लिहायचं, याची पानभर सूचना मी केली आहे. ‘रेडनेस आहे/नाही’ हा रकाना काढून रंग, ऊब, घट्टपणा, दुखणं आणि माप असे पाच रकाने घातलेत. वर प्रत्येकाचा फिट्झपॅट्रिक टाइप लिहायचा. सिस्टर म्हणतात, हे जरा जास्तच होतंय. तुमचं काय मत?

ऐंशी नंबर: सिस्टरांचं बरोबर आहे. माझ्याकडे दिवसाला ऐंशी रुग्ण येतात. सिस्टरने ‘स्वेलिंग प्लस, नो रेडनेस’ लिहिलं की मला पुरतं, पाय मी बघणारच असतो. पाच रकाने भरायचे तर ड्रेसिंग कोण करणार? उद्या तीही पाचही रकान्यांत ‘निल’ मारून मोकळी होईल, तेव्हा काय कराल?

रात्रपाळी: मी त्वचारोग ओपीडीत एकोणीस वर्षं सिस्टर आहे. ‘पाय मी बघणारच’ या वाक्यावरून एक प्रसंग सांगते. अठ्ठावन्न वर्षांचे शेतकरी, मधुमेह, वर्ण गडद. डावा पाय ठणकत होता आणि अंगात कणकण होती. सकाळच्या सिस्टरने लिहिलं, ‘लेफ्ट लेग स्वेलिंग, नो रेडनेस’. दुपारच्या डॉक्टरांनी तेवढं वाचलं, वरवर पाहिलं, मुरगळला असेल म्हणून दुखण्याची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी ते पायावर फोड घेऊन आमच्याकडे आले. सेल्युलायटिस होता, ॲडमिट करावं लागलं.

सिस्टर खोटं लिहित नव्हती. टोमॅटोसारखा लाल रंग तिला दिसला नाही, म्हणून तिने ‘नाही’ लिहिलं. गडद त्वचेत मेलॅनिनखाली ती लाली झाकली जाते. मग जांभळट, काळपट तपकिरी किंवा नुसतीच शेजारच्यापेक्षा गडद छटा दिसते. ‘नो रेडनेस’ वाचणाऱ्याला मात्र वाटतं, सूज आहे पण जंतुसंसर्ग नाही.

त्याच पायाबद्दल मी असं लिहिलं असतं: ‘डावी नडगी, घोट्याच्या चार बोटं वर, १४ बाय ९ सेंटीमीटर. रंग उजव्या नडगीपेक्षा गडद, जांभळट. हाताच्या मागच्या बाजूने उजवीपेक्षा गरम. त्वचा ताणलेली, चकचकीत. दाबल्यावर दुखतं. कडेने मार्करने रेघ, सकाळी १०:२०.’ याला दीड मिनिट लागतं. संध्याकाळी सूज रेघेच्या बाहेर गेली का, हे दुसऱ्या पाळीलाही कळतं. रेघ बॉलपेनने काढू नका, घामाने पुसली जाते.

थेट मुद्दा: अगदी बरोबर. खरं तर ‘लाल’ हा शब्दच बंद करा, सावळ्या रुग्णांसाठी ‘जांभळट’ ठरवून टाका. आणि फिट्झपॅट्रिक टाइप हवाच. एक ते सहा आकडा, वाद नाही. पुढचा डॉक्टर आकडा बघून समजून घेईल.

रात्रपाळी: दोन्हीला माझा विरोध आहे.

एकतर सावळ्या माणसाच्या पायावरही लाली दिसते, विशेषतः मध्यम सावळ्या वर्णात. ‘जांभळट’ ठरवून टाकलं की सिस्टर बघणं सोडतील. आमच्याकडे हे झालंय. एका वर्षी सगळ्या केसपेपरवर ‘जांभळट’, नायट्याच्या साध्या चट्ट्यावरसुद्धा. जो रंग दिसतो तोच लिहायचा, आणि कशाच्या तुलनेत ते लिहायचं. ‘त्वचेच्या रंगाची गाठ’ हेही तसंच. कुणाच्या त्वचेच्या? ‘आजूबाजूच्या त्वचेसारखीच’ लिहिलं की संपलं.

दुसरं म्हणजे फिट्झपॅट्रिकचा आकडा रंगाचा नाहीच. १९७५ साली अतिनील किरणांच्या उपचाराचा डोस ठरवायला ही विभागणी झाली. उन्हात कातडी किती भाजते आणि किती रापते, हा तिचा प्रश्न. सुरुवातीला ती गोऱ्यांसाठीच होती, पाच आणि सहा मागाहून जोडले. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण चार नाहीतर पाचात बसतात, मग आकड्याने काय कळलं? फोटोथेरपी किंवा लेसर द्यायचं असेल तर विचारा. पायाच्या सुजेला नको.

मोकळा वारा: म्हणजे आता दवाखान्यातही केसपेपरवर काळा-गोरा लिहिणार? मुलीच्या स्थळाला ‘वर्ण गहूवर्णीय’ लिहून कंटाळलो आम्ही. आजाराचा आणि रंगाचा संबंध काय?

खिडकीपाशी: दादा, वर्णाला नाव ठेवायचं नाहीये. उलट एकाच रंगाच्या कातडीसाठी बनवलेला शब्द सगळ्यांना लावतोय, ती चूक काढायची आहे. टाइपचा रकाना मात्र मी काढतो.

माजघर: मी डॉक्टर नाही, पण एक सांगते. आई पाच महिने अंथरुणाला खिळून होती. ड्रेसिंगला येणाऱ्या ताई सांगून गेल्या, ‘माकडहाडापाशी लाल झालं की फोन करा.’ मी रोज सकाळी-संध्याकाळी कूस बदलताना बघायचे. लाल कधी झालंच नाही. आईचा रंग माझ्यापेक्षा काळा. जरा काळसर वाटायचं, मला वाटलं घासून झालं असेल. एके दिवशी कातडीच उघडली. मी ‘लाल’ची वाट बघत बसले.

रात्रपाळी: ताई, चूक तुमची नव्हती, सांगणाऱ्याची होती. दाबल्यावर फिकं न पडणारी लाली ही बेडसोअरची पहिली पायरी. गडद त्वचेवर ते फिकं पडणंही दिसत नाही. घरच्यांना सांगताना ‘शेजारच्यापेक्षा वेगळं दिसतंय का, हाताला कडक किंवा पिठासारखं मऊ लागतंय का, जास्त गरम किंवा गार आहे का, तिथे दुखतंय का’ असं विचारायचं. बघायचंही खिडकीतल्या उजेडात, मोबाईलच्या फ्लॅशमध्ये नाही.

ऐंशी नंबर: ठीक आहे, ‘नो रेडनेस’ वाचून मीही फसलो असतो. पण तुमच्या ऊब-तुलनेचं काय? उन्हातून चालत आलेल्याचे दोन्ही पाय तापलेले असतात. आणि ज्याच्या दोन्ही नडग्या जुन्या शिरांच्या त्रासाने आधीच काळ्या पडल्यात, त्याची तुलना कशाशी करायची?

रात्रपाळी: पहिल्याला उत्तर आहे. दोन्ही पाय उघडे करून पाच मिनिटं बसवा, मग हात लावा. दुसरा प्रश्न खरंच अडचणीचा. रंग मी मांडीच्या किंवा हाताच्या त्वचेशी ताडते, पण तिथे तो फार उपयोगी पडत नाही. मग ‘गेल्या आठवड्यात असंच होतं का?’ हा घरच्यांना प्रश्न आणि कडेची रेघ, एवढंच हातात राहतं.

गडचिरोलीकर: एक जोडा. ‘पांढरा डाग’ आणि ‘फिकट चट्टा’ वेगळे लिहा. आमच्या पाड्यावर एका मुलीच्या चट्ट्याला कागदावर ‘व्हाइट पॅच’ लिहिलं. घरच्यांना कोड वाटलं, ते कापूर-तेल लावत राहिले. चट्टा पूर्ण पांढरा नव्हता, नुसता फिकट होता, आणि कापसाचा स्पर्श तिला तिथे कळत नव्हता. कुष्ठरोग निघाला. कोडात रंग खडूसारखा जातो, पण स्पर्श शाबूत असतो. गोऱ्या अंगावर तोच कुष्ठाचा चट्टा लालसर दिसतो.

खिडकीपाशी: हे घेतलं. आता पाच रकान्यांऐवजी दोन ओळी: ‘शेजारच्या त्वचेपेक्षा कसं दिसतं’ आणि ‘हाताला कसं लागतं’. फिकट चट्टा असेल तर स्पर्श तपासल्याची टीप. फोटोबद्दल ठरत नाहीये. सिस्टर म्हणतात फोटो काढा, म्हणजे लिहायला नको.

थेट मुद्दा: फोटोच काढा की. फोटो खोटं बोलत नाही.

रात्रपाळी: ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत सावळा पाय करडा दिसतो, कॅमेराही चेहरामोहरा उजळ करायला बसलेला असतो. ऊब तर फोटोत येतच नाही. काढा, पण शेजारी पट्टी ठेवून आणि दुसरा पाय चौकटीत घेऊन.

ऐंशी नंबर: आणि तो फोटो सिस्टरच्या खासगी मोबाईलवर राहणार. रुग्णाची परवानगी, डिलीट कधी करणार, हे आधी लिहा, मग मी सही करतो.