चर्चा: आत्मचरित्रात गाळलेलं म्हणजे लपवलेलं का?

मीनल: रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचलं. पुस्तक १९१० चं, पण १९०१ मध्ये त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेले तिथेच ते थांबतं. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी करणारी बाई त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. ही वाचकाची फसवणूक नाही का?

अविनाश: आहेच. न्यायमूर्ती विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे, आणि पहिली पत्नी गेल्यावर त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करतात. बाईंनी हेही दडपलं असणार.

शरयू: अविनाश, हे मात्र चुकलं. लग्नाची हकीकत पुस्तकात आहे. निवड आहे ती दृष्टिकोनाची. न्यायमूर्तींच्या वडिलांचा हट्ट आणि मुलाची घुसमट दिसते, त्यामुळे वाचकाच्या मनात आधी कीव येते, जाब विचारायचं सुचत नाही.

मीनल, शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्द बघा. सेवासदन आलं असतं तर तो ‘माझ्या’ झाला असता. आणि बाई पुस्तकात नाहीत असं कुठे आहे? नवऱ्याकडे धडे गिरवायचे आणि त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी खायची, हे प्रसंग त्या संवादांसकट लिहितात. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ती वाक्यं जशीच्या तशी कुणाला आठवतील? ती रचलेली आहेत, आणि तिथेच त्या लेखिका म्हणून दिसतात. धडपडणारी शिष्या रंगवली, संस्था चालवणारी बाई बाहेर ठेवली.

विजय काका: आमच्या आजोबांनी आठवणींची वही लिहिली होती, मी ती टाईप केली. चाळीस पानांपर्यंत थोरले भाऊ पानोपानी भेटतात. मग वाटणीचं वर्ष येतं, आणि पुढे त्यांचं नावसुद्धा नाही. भांडणाबद्दल एक ओळ नाही, तरी आम्हाला सगळं कळलं. माझे काका म्हणाले, एक परिच्छेद घाल. मी घातला नाही.

अविनाश: लग्नाचं मान्य, मी पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. पण काका, तुम्हाला घरचं माहीत होतं म्हणून कळलं. परक्याला काय कळणार? दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतोय आणि शिकलेला दया पवार ऐकतोय अशी मांडणी केली. सांगणारा कोण, हे तिथे वाचकासमोर उघड आहे. रमाबाईंनी अशी खूण कुठे ठेवली?

शरयू: ‘काही’ या शब्दात.

मीनल: एका शब्दावर इतका भार मला अजून पटत नाही. सेवासदनाच्या कामात असतानाच त्या हे लिहीत होत्या, तेव्हा विसर पडला असं म्हणताच येणार नाही. आता शेवटचा, न्यायमूर्तींच्या आजारपणाचा भाग पुन्हा वाचते. तिथे ‘मी’ कुठे कुठे येतो ते बघायचंय.