वीस माणसं, चार हजार रुपये: सगळ्यांना एकच शाकाहारी ताट, की ज्याला जे हवं ते?

विश्रामबागकर: पुढच्या बुधवारी ऑफिसात वीस जणांची मीटिंग आहे. जेवणाची सुट्टी 1 ते 1:45. सगळं धरून 4000 रुपये, वर एक पैसा मिळणार नाही. 9 जण शाकाहारी, 7 नॉनव्हेज खाणारे, 3 जैन आणि एकाला संकष्टी. माझं मत असं की उगाच चार प्रकार करण्यापेक्षा सगळ्यांना एकच शाकाहारी ताट मागवावं. चुकतंय का?

शंभरफुटी: चुकतंय. सात जण म्हणजे तिसरा हिस्सा. मंगळवार-गुरुवार असता तर समजू शकतो, बुधवारी का म्हणून त्यांनी मन मारायचं? सरळ सात चिकन थाळ्या सांगा, बाकी व्हेज. डोई दोनशे पडतात, आरामात बसतं.

मिरजेची डबेवाली: चौदा वर्षं कंपन्यांना डबे देते, म्हणून माझ्याच दराने हिशेब मांडते. व्हेज किंवा जैन डबा 155, उपवासाचा 140, चिकनचा 230, अंडाकरीचा 185, रिक्षाचे 150. चिकन घेतलंत तर बारा व्हेज-जैन, सात चिकन, एक उपवास आणि रिक्षा मिळून 3760. त्यावर पाच टक्के जीएसटी, झाले 3948. म्हणजे दादा म्हणतात तसं बसतं, पण 52 रुपये उरतात. आणि वीस म्हटले की एकवीस होतातच. साहेबांचा ड्रायव्हर असतो, कोणीतरी ऐनवेळी येतं. त्याला डबा कुठून देणार? तेच अंडाकरी घेतलीत तर 3617 होतात, त्यात दोन जादा व्हेज डबे बसतात आणि तरी पन्नासेक रुपये शिल्लक राहतात. माझं म्हणणं, अंडाकरी घ्या.

पण खरी अडचण पैशाची नाही, जैन डब्याची आहे. आपल्याकडे कुठल्याही आचाऱ्याला "कांदा-लसूण नको" म्हटलं की तो फोडणीतला कांदा काढतो आणि वरून दोन चमचे चटणी घालतो. ती चटणी म्हणजेच कांदा-लसूण मसाला! त्याच्या हाताला इतकी सवय असते की त्याला ते कळतही नाही. म्हणून "जैन मिळेल का" असं विचारू नका, "जैन भाजीत तिखट कुठलं घालता" असं विचारा. नुसतं मिरचीपूड म्हणाला तर ठीक. क्षणभर थांबला, तर दुसरीकडे बघा.

साताऱ्याची लेक: आमच्याकडे वडिलांच्या पंचाहत्तरीला साठ माणसं होती, आचारी घरी बोलावला होता. मांडे सोडून सगळं केलं, माणशी खर्चही कमी आला. तुम्हीही आचारीच का बोलवत नाही?

मिरजेची डबेवाली: ताई, साठ पानांना आचारी परवडतो. वीस जणांना त्याची मजुरीच अंगावर येते, शिवाय ऑफिसात शेगडी कुठे मांडणार?

साताऱ्याची लेक: हो, ऑफिसचं आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. मग माझ्या नोकरीतला अनुभव सांगते. डबे एकची वेळ देऊन पावणेदोनला आले. वर झाकणांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. एका जैन मॅडमनी उघडलेल्या डब्यात बटाटा निघाला, त्यांनी तो मिटून ठेवला आणि काकडी खाऊन मीटिंगला बसल्या. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

कृष्णाकाठ: मी जैन आहे, म्हणून बोलतो. बटाटा, कांदा, लसूण, गाजर, मुळा, ओलं आलं नको. सुंठ आणि वाळलेली हळद चालते, नाहीतर सांगलीत राहून जेवायचं कसं? पण तिघेही सारखंच पाळत असतील असं धरू नका. माझी आई चातुर्मासात पालेभाजी खात नाही, मी खातो. तिघांना एकेक फोन करा. आणि एक विचारा, शेजारी अंडं किंवा चिकन उघडलेलं चालेल का. मला चालतं, माझ्या काकांना चालत नाही, ते उठून जातील. शंभरफुटींचं मन मारण्याचं म्हणणं पटतं, पण एका वेळी मटण-चिकन न मिळणं आणि जेवणच न करता येणं यात फरक आहे.

शंभरफुटी: फरक मान्य. पण दर मीटिंगला तोच फरक सांगून कायम व्हेजच येणार, हेही बघा. आमच्याकडे वर्षभर तसंच चाललंय.

हिशेबनीस: जीएसटीचं एक सांगतो. जेवणावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट कंपनीला साधारणपणे मिळतच नाही, त्यामुळे जीएसटीचंच बिल हवं असा हट्ट धरून काही हाती लागत नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या घरगुती डबेवाल्यांना नोंदणीची सक्ती नसते, ते कर लावत नाहीत. साधं छापील बिल आमच्या अकाउंट्सला चालतं. तुमच्याकडे चालेल का, ते आधी विचारून घ्या, कारण पाच टक्के म्हणजे इथे दीडशेच्या वर रुपये, एक डबा झाला.

विश्रामबागकर: विचारतो. पण डबे की मोठी भांडी आणून वाढायचं? भांड्यांत वाढलं तर कमीजास्त घेता येतं.

मिरजेची डबेवाली: पाऊण तासात वाढप नको. एका टेबलावर वीस जणांची रांग, शेवटच्याच्या हातात ताट येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. आणि व्हेजचा चमचा अंडाकरीत गेला की पुढच्या तिघांचं जेवण संपलं.

डबा घेतलात तर तो 12:40 ला दारात हवा. एकचा निरोप देऊ नका. आमच्या कुपवाड एमआयडीसीच्या फेऱ्या साडेअकरापासून सुटतात, ठरलेल्या वेळा असतात. तुम्ही "साधारण एकपर्यंत" म्हणालात की तुमचे डबे शेवटच्या रिक्षात पडतात. पोळ्या डब्यात ठेवू नका म्हणावं, वेगळ्या कागदात गुंडाळून द्या. गरम भाताशेजारी झाकणाखाली ठेवलेल्या पोळीला अर्ध्या तासात घाम सुटतो, खालची पोळी चिकटून बसते, फाडल्याशिवाय निघत नाही.

भाजी ढोबळी मिरची पीठ पेरून करा आणि साधं वरण. दोन्हीला कांदा-लसूण लागत नाही, वीसपैकी एकोणीस जणांना चालतं. त्यावर जैन सोडून बाकीच्यांना अख्खा मसूर द्या, नॉनव्हेजवाल्यांना त्याच्या जागी अंडाकरी. म्हणजे एकच ताट हे तुमचं म्हणणंही बरंचसं खरं ठरतं. उपवासवाल्यांना भगर आणि दाण्याची आमटी. त्यांचा डबा जैनांना चुकून देऊ नका, आमच्याकडे आमटीत बटाटा असतो.

आणि झाकणावर प्रकार नको, नाव लिहा. प्रकार लिहिला की "आज जैन खाऊन बघू" म्हणत कोणीतरी तो उचलतो, आणि तिसरा डबा शोधत बसावं लागतं.

विश्रामबागकर: तिघांना फोन केले. दोघांना अंडं शेजारी चालतं, एका सरांना नाही. त्यांना दुसऱ्या टोकाला बसवू का, की अंडाकरी रद्दच करू?

कृष्णाकाठ: रद्द करू नका. त्यांनाच विचारा, खिडकीजवळची जागा चालेल का. माझे काका असते तर हो म्हणाले असते.

शंभरफुटी: मला अजून चिकनच वाटतं. दोन जादा डब्यांसाठी सात जणांचं का कमी करायचं?

मिरजेची डबेवाली: बुधवारी एकविसावा माणूस आला की फोन करा, दादा.

विश्रामबागकर: अंडाकरी सांगितली. तिखट कुठलं ते विचारलं, तर "घरचंच" म्हणाले. त्यात लसूण आहे का असं पुन्हा विचारल्यावर आत जाऊन बघून आले. होता. जैन डब्यांना वेगळी मिरचीपूड वापरायचं कबूल केलंय.